अमेरिकेतला पहिला नंबर: आधी सिम, मग डुओ, मग बँक

प्रश्न: ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला चाललोय. सिम इथूनच घेऊन जाऊ की तिथे पोचल्यावर घेऊ? एक सीनियर म्हणतो, आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये ये, स्वस्त पडेल. दुसरा म्हणतो, इंटरनेटवरचा फुकट नंबर घे. मला खरी काळजी बँकेच्या ओटीपीची आणि युनिव्हर्सिटीच्या लॉगिनची आहे. त्या लॉगिनला दुसऱ्यांदा ओळख पटवायला लागणारं डुओ सध्या भारतातल्या नंबरवर आहे. काय करू आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर:

स्वतःच्या खात्यावरचं प्रीपेड सिम घ्या. फॅमिली प्लॅन नको आणि इंटरनेटवरचा नंबर तर मुळीच नको. क्रम असा ठेवा: नंबर चालू करून तपासायचा, मग डुओमध्ये घालायचा, मग विद्यापीठाच्या नोंदीत, आणि बँकेत सगळ्यात शेवटी जायचं. बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी मिळेल तो नंबर बँकेला देऊन टाकतात आणि दोन महिन्यांनी तो बदलायची वेळ आली की अडकतात.

आधी फुकट नंबराचं बघू. बँकेच्या फॉर्ममध्ये नंबर टाकला की त्यांची यंत्रणा तो नंबर कुठल्या प्रकारचा आहे हे तपासते: मोबाइल, घरचा फोन की इंटरनेटवरून चालणारा. तिसऱ्या प्रकारचे नंबर कोणीही मिनिटभरात काढू शकतो आणि टाकून देऊ शकतो, म्हणून बऱ्याच बँका ते नाकारतात. पैसे पाठवायची झेल नावाची सोय, जी घरभाडं आणि खर्चाची वाटणी यासाठी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच लागेल, ती तर गुगल व्हॉइस आणि तसले नंबर घेतच नाही. दुसरी अडचण शॉर्टकोडची. अमेरिकन बँका ओटीपी दहा आकडी नंबरावरून नाही, तर पाच किंवा सहा आकडी शॉर्टकोडवरून पाठवतात. हे शॉर्टकोड त्या देशातल्या मोबाइल कंपन्यांशी जोडून घेतलेले असतात. इंटरनेटवरच्या नंबरापर्यंत त्यांचे मेसेज कधी पोचतात, कधी नाही, आणि न पोचल्याचं कोणी कळवतही नाही. शिवाय गुगल व्हॉइसचा नंबर काढायला आधी अमेरिकेतला एक नंबर लागतोच, त्यामुळे सुरुवातीच्या प्रश्नाचं ते उत्तरच नाही.

प्रवासासाठी मिळणाऱ्या ई-सिमचाही हाच गोंधळ होतो. त्यातल्या बहुतेकांत फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो. विमानतळावरून टॅक्सी बोलवायला आणि नकाशा बघायला ते उत्तम, पण ओटीपी यायला नंबरच नाही.

आता फॅमिली प्लॅन. पैशांच्या बाबतीत सीनियर बरोबर सांगतोय, चार-पाच लाइन एकत्र घेतल्या की माणशी खर्च बराच उतरतो. पण त्या प्लॅनमधला प्रत्येक नंबर कंपनीच्या दृष्टीने खातेदाराचा असतो, वापरणाऱ्याचा नाही. खातेदाराने एक लाइन बंद केली, बिल थकवलं किंवा नोकरी लागल्यावर कंपनी बदलली, तर तुमचा नंबर त्याच्या निर्णयाबरोबर जातो. सिम हरवलं तर नवीन सिम मागायचा अधिकारही त्याचाच. तुम्हाला नंबर घेऊन बाहेर पडायचं झालं तर खाते क्रमांक आणि नंबर हलवायचा पिन त्याच्याकडून घ्यावा लागतो. तो सज्जन असेलच, पण डिसेंबरच्या सुट्टीत तो भारतात असताना तुमच्या बँकेचं लॉगिन अडलं तर त्याच्या सज्जनपणाचा काही उपयोग नाही. बँक, विद्यापीठ आणि पुढे कर भरायची खाती ज्या नंबरावर असणार तो नंबर स्वतःच्या खात्यावरच हवा. सगळं स्थिरावल्यावर पैसे वाचवायला फॅमिली प्लॅनमध्ये जायचं असेल तर डेटासाठी तिथे वेगळी लाइन घ्या, हा नंबर तिकडे नेऊ नका. नेलात की तो पुन्हा खातेदाराचा झाला.

प्रीपेडच का म्हणतो? महिनाअखेरीस बिल येणाऱ्या प्लॅनसाठी कंपन्या क्रेडिट तपासतात आणि त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तो तुमच्याकडे कॅम्पसवर काम मिळेपर्यंत नसेल. प्रीपेडला त्याची गरज नाही.

कंपनी निवडण्याआधी मात्र फोन तपासा, आणि ते भारतात असतानाच. अमेरिकेत नेटवर्क मुळात तीनच: एटीअँडटी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन. बाकीच्या स्वस्त कंपन्या यांच्याच टॉवरवर चालतात. मिंट आणि टेलो टी-मोबाइलवर, व्हिजिबल व्हेरायझनवर, क्रिकेट एटीअँडटीवर. या तिन्ही नेटवर्कनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे आता फोनकॉलसुद्धा फोरजीवरूनच जातो आणि त्यासाठी तुमचं मॉडेल त्या कंपनीने मान्य केलेलं असावं लागतं. एटीअँडटी याबाबत सर्वांत कडक आहे, यादीत नसलेला फोन तिथे चालतच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये अमेरिकेतले लांब पल्ल्याचे बँडही बरेचदा नसतात. असा फोन रस्त्यावर ठीक चालतो, पण तळघरातल्या खोलीत किंवा वर्गात सिग्नल सोडतो.

तपासायची रीत सोपी आहे. फोनवर `*#06#` दाबा, आयएमईआय नंबर दिसेल. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचा फोन आणणाऱ्यांसाठी एक पान असतं, त्यात तो टाका. ई-सिम घ्यायचं असेल तर त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसतो का ते बघा. तो नसेल तर फोनमध्ये ई-सिम चालणार नाही. भारतातून नेलेल्या फोनला टी-मोबाइलच्या टॉवरवरच्या कंपन्या सहसा कमी त्रास देतात, म्हणून पहिल्या सिमसाठी मी तिकडेच बोट दाखवीन. ज्यांचा फोन आयफोन आहे किंवा आयएमईआय तपासणीत स्वच्छ पास झालाय, त्यांनी ज्याचा सिग्नल घराजवळ चांगला ते घ्यावं.

खरेदीच्या वेळी अडतं ते कार्डावर. अमेरिकन संकेतस्थळं पैसे घेताना कार्डाचा पत्ता आणि पाच आकडी झिप कोड जुळवून बघतात, आणि भारतीय कार्डाचा सहा आकडी पिन कोड त्यात बसत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवला नसेल तर तेही नाकारलं जातं. दोन-तीनदा नकार आला की त्याच कार्डाशी झटत बसू नका, कंपनीची यंत्रणा ते खातं संशयित ठरवते. वॉलमार्ट, टार्गेट किंवा बेस्ट बाय या दुकानांत प्रीपेड सिमचे संच मिळतात, रोख देऊन घ्या. रिचार्जची कार्डंही तिथेच मिळतात. ई-सिम भारतातून विकत घेऊन ठेवायला हरकत नाही, पण सुरू अमेरिकेत उतरल्यावरच करा. आधी सुरू केलं तर प्लॅनचे दिवस इथेच संपायला लागतात.

नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, टोपणनाव किंवा मित्राचं नको. झिप कोड विचारतात त्यावरून नंबराचे पहिले तीन आकडे ठरतात. बँकेला ते कुठले आहेत याने फरक पडत नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या घरी उतरून नंतर दुसऱ्या राज्यात जाणार असाल तरी चालेल. कंपनीच्या खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि पिन लिहून ठेवा. नंबर हलवताना हेच लागतात.

आता समजा नाशिकची एक मुलगी मंगळवारी १२ ऑगस्टला संध्याकाळी उतरते, सोमवारी १८ तारखेला विद्यापीठाची ओळखसभा आहे आणि भाड्याची अनामत पुढच्या आठवड्यात द्यायची आहे. तिने काय करावं?

मंगळवारी फक्त सिम सुरू करायचं. फोन बंद करून चालू केला की कॉल आणि साधा मेसेज दोन्ही तपासायचे: शेजारच्याला फोन लावायचा, त्याला उलट लावायला सांगायचं, त्याच्याकडून एक साधा एसएमएस मागवायचा. व्हॉट्सॲप मेसेज आला म्हणजे नंबर चालू आहे असं नाही, तो इंटरनेटवरून येतो. या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक जण ती गाळतात.

बुधवारी डुओ. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डुओ मोबाइल ॲप नंबराला नाही, फोनला जोडलेलं असतं. फोन तोच राहिला आणि सिम बदललं तर ॲपवर येणारी सूचना नुसत्या वायफायवरही येते, आणि इंटरनेट नसतानाही ॲप सहा आकडी कोड दाखवतं. तुटतात ते दोन मार्ग: एसएमएसवरचा कोड आणि फोनकॉल. विद्यापीठाने हे दोन मार्ग बंदच केले असतील तर नंबर बदलल्याचा डुओवर काहीच परिणाम होत नाही. ते चालू असतील तर ते भारतीय नंबराला चिकटलेले आहेत. म्हणून जुना नंबर काढायच्या आधी नवा जोडायचा. लॉगिनच्या पडद्यावर `Other options` आणि त्यात `Manage devices` असतं. तिथे एकदा जुन्या मार्गाने खात्री करून द्यावी लागते आणि मग `Add a device`. देशाच्या यादीत अमेरिका निवडायची, नंबर टाकायचा, आलेला कोड भरायचा. `Manage devices` दिसतच नसेल तर विद्यापीठाने ती सोय बंद ठेवली आहे, मग त्यांच्या आयटी मदतकक्षात विद्यार्थी ओळखपत्र घेऊन जायचं. तिथे गेल्यावर एकदाच चालणारे काही राखीव कोडही मागून घ्यावेत आणि कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवावेत. फोन हरवला तर त्याच दिवशी लागतील.

फोनच बदलायचा असेल, म्हणजे अमेरिकेत जाऊन नवा आयफोन घ्यायचा बेत असेल, तर हिशेब उलटा. नंबर तोच राहिला तरी नव्या फोनवर डुओ पुन्हा जोडावं लागतं. जुना फोन विकायच्या किंवा भावाला द्यायच्या आधी हे उरका.

गुरुवारी विद्यापीठाच्या पोर्टलवरची नोंद. डुओत नंबर बदलला म्हणजे विद्यापीठात बदलला असं समजू नका, ही वेगवेगळी खाती आहेत. पोर्टलवर संपर्काचा नंबर असतो, आणीबाणीच्या मेसेजसाठी बरेचदा वेगळा रकाना असतो, आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची नोंद तिसरी. शेवटच्या नोंदीतला पत्ता बदलला तर तो १० दिवसांत कळवणं एफ-१ विद्यार्थ्यावर बंधनकारक आहे, त्याच वेळी नंबरही भरून टाका.

याच पोर्टलवर एक सापळा आहे. भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी आणि अमेरिकनही दहा आकडी. देशाचा कोड न विचारणाऱ्या फॉर्ममध्ये भारतीय नंबर टाकला तर यंत्रणा पुढे मुकाट्याने `+1` लावते. ९७३ ने सुरू होणारा नंबर मग न्यू जर्सीचा होतो, ८३२ ने सुरू होणारा ह्यूस्टनचा, आणि ओटीपी कुणा अनोळखी माणसाकडे जातो. प्रवेशाच्या अर्जात भारतातून नंबर भरला होता तो आता कसा दिसतो ते एकदा उघडून बघा.

शुक्रवारी बँक. पासपोर्ट, आय-२०, विद्यार्थी ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र, आणि पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत जायचं. ऑनलाइन अर्ज करण्याचा मोह टाळा. ऑनलाइन अर्जात नाव, पत्ता आणि नंबर एकमेकांशी जुळतात का हे दुसऱ्या नोंदींवरून तपासतात, आणि तीन दिवसांपूर्वी घेतलेल्या प्रीपेड नंबरामागे तसली नोंदच नसते. शाखेत माणूस कागद बघून खातं उघडतो. नंबर सांगताना आकडे एकेक सांगा. आपल्या सवयीने ‘डबल सेव्हन’ म्हटलं की समोरचा गोंधळतो किंवा एकच सात टाइप करतो. टाइप झालेला नंबर त्याला वाचून दाखवायला सांगा. बँकेचं ॲप तिथल्या तिथे उतरवून, पहिला ओटीपी त्याच खुर्चीत बसून घ्या. नाही आला तर तो प्रश्न तिथेच सुटतो, घरी गेल्यावर ग्राहक सेवेच्या रांगेत नाही.

एकदा आत शिरलात की बँकेच्या सेटिंगमध्ये ॲपवर सूचना पाठवून ओळख पटवायची सोय आहे का बघा आणि ती चालू करा. एसएमएस मागच्या दारासारखा राहू द्या.

झेल शनिवारी. इथे एक चमत्कारिक अडचण येऊ शकते: ‘हा नंबर आधीच दुसऱ्या बँकेत नोंदलेला आहे’. अमेरिकेत बंद झालेले नंबर पुन्हा वाटले जातात. नियामकाचा नियम किमान ४५ दिवस थांबण्याचा आहे, म्हणजे तुमचा नंबर दोन महिन्यांपूर्वी कुणा दुसऱ्याचा असू शकतो आणि त्याने झेल तसंच सोडून दिलेलं असू शकतं. उपाय दोन. झेल ईमेलवर नोंदवायचं, किंवा बँकेला फोन करून नंबर जुन्या खात्यातून सोडवून घ्यायचा. पहिला लवकर होतो. हीच अडचण व्हॉट्सॲपवर आणि वसुलीच्या फोनांच्या रूपातही दिसते. सिम घेतल्यावर पहिल्या दोन दिवसांत अनोळखी नावाने फार मेसेज येत असतील, तर नंबर कुठेही द्यायच्या आधी कंपनीकडून बदलून घ्या. तेव्हा त्याला काहीच खर्च पडत नाही किंवा थोडा पडतो, महिन्याभराने मात्र चार ठिकाणी बदलत फिरावं लागेल.

ओटीपी येत नाही, असं झालं तर अंदाजाने पाच-सहा वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबू नका. बँका काही प्रयत्नांनंतर लॉगिनच थोपवतात आणि जुने कोड रद्द होतात. आधी हे शोधा की अडकतं कुठे. मित्राचा साधा एसएमएस येतोय का? तोच येत नसेल तर प्रश्न सिमचा किंवा सिग्नलचा. तळघरात असाल तर वायफाय कॉलिंग चालू करा. त्यासाठी कंपनी आणीबाणीचा पत्ता भरायला लावते, तो भरल्याशिवाय ते सुरू होत नाही. मग मेसेज वायफायवरूनही येतात.

मित्राचा मेसेज येतो पण बँकेचा नाही, तर शॉर्टकोडचा मार्ग तपासायचा. बँकेच्या आधीच्या एखाद्या मेसेजचा पाच-सहा आकडी नंबर काढा, नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावर तो दिलेला असतो, आणि त्याला मेसेज पाठवा:

```
HELP
```

लगेच उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे, बिघाड बँकेतल्या नोंदीत आहे, बहुधा एखादा आकडा चुकलाय. टी-मोबाइलच्या लाइनवर `Message Blocking is active` असं उत्तर आलं तर तुमच्या लाइनवर शॉर्टकोड बंद आहेत, कंपनीच्या ग्राहक सेवेला ते उघडायला सांगायचं. काही स्वस्त प्लॅनमध्ये ही अडवणूक सुरुवातीपासूनच असते. उत्तरच आलं नाही तर फोनमधली स्पॅमची पेटी उघडून बघा. अँड्रॉइडच्या मेसेज ॲपमध्ये ती वेगळी असते, आणि आयफोनवर अनोळखी नंबरांचे मेसेज वेगळ्या यादीत टाकायची सेटिंग चालू असेल तर सूचना वाजतच नाही.

आणखी एक कारण स्वतःच ओढवून घेतलेलं असतं. बँकेच्या जाहिरातींना कंटाळून कुणीतरी `STOP` असं उत्तर पाठवतं. त्याच शॉर्टकोडवरून ओटीपीही येत असतील तर तेही त्या क्षणी बंद होतात आणि बँकेच्या माणसाला कारण सापडत नाही, कारण अडवणूक मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणेत असते. त्याच शॉर्टकोडला `START` पाठवलं की बहुतेकदा पुन्हा सुरू होतात. जाहिराती बंद करायच्या असतील तर बँकेच्या ॲपमधून करा.

पुढे कधी कंपनी बदलायची झाली तर नंबर तोच ठेवून हलवता येतो. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि नंबर हलवायचा पिन घ्या आणि नव्या कंपनीला द्या. जुनं सिम आधी बंद करू नका. बंद नंबर हलवता येत नाही, इथे लोक कायम चुकतात. हलवल्यावर कॉल काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होतात, शॉर्टकोडचे मेसेज मात्र एखाद-दोन दिवस रखडू शकतात. म्हणून फी भरायच्या किंवा भाड्याच्या आठवड्यात हे काम काढू नका. हलवून झालं की नव्या कंपनीच्या खात्यात नंबराला कुलूप लावायची सोय शोधा आणि चालू ठेवा. त्याशिवाय कोणी तुमच्या नावाने पिन मिळवून नंबर पळवला तर बँकेच्या ओटीपीसकट सगळंच जातं.

भारतातलं सिम बंद करू नका, हे वेगळं सांगायला नको, पण ते जिवंत कसं ठेवायचं ते सांगतो. शिक्षण कर्जाची बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येणार. निघायच्या आधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, फोनमध्ये मात्र त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा. मेसेज येऊ द्यायचे, कॉल उचलायचे नाहीत, कारण पॅक नसताना परदेशात आलेल्या कॉलचेही पैसे पडतात. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढल्यापासून कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावे लागतात आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. वर्षभराचा तसला पॅक मारून निघालात की दर २८ दिवसांनी बाबांना आठवण करायला नको.

अमेरिकेत आयफोन घ्यायचा असेल तर एक काम भारतातच करून जा. तिथे विकले जाणारे आयफोन १४ पासूनचे मॉडेल सिम घालायच्या खाचेशिवाय येतात. म्हणजे तुमचं भारतीय सिम त्यात जाणारच नाही. ते ई-सिम करून घ्यायची विनंती त्याच नंबरावरून करावी लागते आणि परदेशातून ती अडते. भारतात सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत, म्हणून हे निघायच्या आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी. सध्याच्या फोनमध्ये ई-सिम चालतच नसेल तर भारतीय सिम जुन्या फोनमध्ये ठेवून तो फोन सोबत न्या. कपाटात पडलेला, पण चालू असलेला आणि रोमिंगचा सिग्नल पकडणारा फोनही ओटीपी घेतो.

आणि सुट्टीत भारतात आलात तर हेच चित्र उलटं होतं: आता अमेरिकन नंबर जिवंत ठेवायचा. वायफाय कॉलिंग अमेरिकेत असतानाच सुरू करून, एकदा चालवून बघून मग विमानात बसा, परदेशात पहिल्यांदा सुरू करायला गेलं तर ते अनेकदा नाकारलं जातं. कंपनी परदेशातून वायफाय कॉलिंग चालू देते का हेही आधी विचारा. देत असेल तर घरच्या वायफायवर तुमच्या बँकेचे ओटीपी पुण्या-नाशिकातही येतात. प्लॅनची मुदत मात्र त्या महिन्यात संपणार असेल तर निघण्याआधीच रिचार्ज करून ठेवा, मुदत संपल्यावर प्रीपेड नंबर काही आठवडेच राखून ठेवतात आणि त्या काळात त्यावर मेसेज येत नाहीत.